गेम सबस्क्रिप्शन घ्यायचं की गेम विकत घ्यायचा? नव्याने कन्सोल किंवा गेमिंग पीसी घेतलेल्यांसाठी

नवा कन्सोल जोडला की पहिल्याच संध्याकाळी स्क्रीनवर जाहिरात येते: महिन्याला इतके रुपये भरा आणि शेकडो गेम खेळा. शेजारीच दुकानात एकेक गेम तीन-चार हजारांना लावलेला दिसतो. साहजिकच माणूस वर्गणीकडे वळतो. काही महिन्यांनी अर्धा खेळलेला गेम कुलूपबंद दिसतो आणि फोन येतो, "अरे, मी पैसे भरतोय ना? मग गेम गेला कुठे?" हा प्रश्न मला इतक्या मित्रांनी आणि भाचे-पुतण्यांनी विचारला आहे की एकदा सगळं लिहूनच काढतो.

उदाहरणं मुख्यतः प्लेस्टेशन प्लस आणि एक्सबॉक्स गेम पास या दोन सेवांची घेतली आहेत, कारण आपल्याकडे नव्या माणसाची गाठ आधी यांच्याशीच पडते. ईए प्ले, युबिसॉफ्ट प्लस किंवा मोबाइलवरचं ॲपल आर्केड यांनाही हिशोब हाच लागू होतो. किमतींबद्दल एक सूचना आधीच देतो. खाली दिलेले आकडे त्या-त्या वर्षाचे आहेत. पैसे भरताना स्क्रीनवर दिसेल तोच आकडा धरा आणि हिशोबाची पद्धत इथून घ्या.

1. आधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

- तुमच्या देशाचं खातं. प्लेस्टेशनच्या खात्याचा देश एकदा निवडला की बदलता येत नाही, त्यामुळे भारतात राहत असाल तर भारतच निवडा. दुबई किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनीही तिथलाच देश निवडावा. "तिकडच्या खात्यावर स्वस्त मिळतं" हे ऐकून उघडलेल्या खात्यावर पुढे इथलं कार्ड चालत नाही.
- ऑनलाइन आणि आवर्ती व्यवहार चालू असलेलं कार्ड, किंवा त्या सेवेचं गिफ्ट कार्ड.
- डिस्कवर जागा. मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात. 50 एमबीपीएसच्या जोडणीवर 120 जीबी उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, पाच तासांहून जास्त लागतात. शुक्रवारी रात्रीच डाउनलोड लावून ठेवा, नाहीतर शनिवार त्यातच जाईल.
- आठवड्याला तुम्ही खरोखर किती तास खेळता, हा आकडा. पुढचा सगळा हिशोब याच्यावर उभा आहे, म्हणून तो स्वतःशी खरा सांगा.

2. एका वर्गणीत तीन वेगळ्या गोष्टी असतात, त्या आधी वेगळ्या करा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. प्लेस्टेशन प्लसचं उदाहरण घेऊ. जून 2022 मध्ये सोनीने त्याचे तीन स्तर केले: इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि सगळ्यात वरचा प्रीमियम. भारतात प्रीमियमऐवजी डिलक्स आला, कारण प्रीमियममधली क्लाउड स्ट्रीमिंगची सोय इथे नव्हती. अमेरिकन युट्यूबरचा व्हिडिओ बघून प्रीमियम शोधत बसू नका.

पहिली गोष्ट म्हणजे ऑनलाइन खेळण्याची परवानगी. कन्सोलवर विकत घेतलेला गेम मित्रांबरोबर इंटरनेटवरून खेळायचा असेल तर बहुतेक वेळा सगळ्यात खालचा स्तर तरी लागतोच. फोर्टनाइटसारख्या मोफत गेमना तो लागत नाही आणि पीसीवर तर हा प्रकारच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'महिन्याचे गेम'. इसेन्शियलमध्ये दर महिन्याला काही गेम मिळतात. ते त्या महिन्यातच आपल्या लायब्ररीत टाकावे लागतात, त्यासाठी डाउनलोड करण्याचीही गरज नसते. एकदा टाकले की वर्गणी चालू असेपर्यंत ते तुमच्याकडे राहतात. वर्गणी थांबली की त्यांना कुलूप लागतं, आणि दोन वर्षांनी पुन्हा भरली की कुलूप उघडतं. त्या महिन्यात बटण दाबायचं राहिलं तर मात्र तो गेम हुकला.

तिसरी गोष्ट म्हणजे एक्स्ट्रापासून वर मिळणारा मोठा कॅटलॉग. गेम पासचा मुख्य मालही हाच. इथले गेम लायब्ररीत टाकून काही उपयोग नाही. कॅटलॉगमधून गेम निघाला की तुमची वर्गणी चालू असो, गेम डिस्कवर उतरवलेला असो, तो उघडत नाही. "पैसे भरतोय ना" वाला प्रश्न इथूनच येतो. दुसऱ्या प्रकारचा नियम लोक तिसऱ्या प्रकाराला लावून बसतात.

3. कॅटलॉग फिरतो म्हणजे नेमकं काय होतं

आपल्याकडच्या वाचनालयासारखंच हे आहे, फक्त इथे पुस्तकं वाचनालयाच्या मालकीची नसतात. ती प्रकाशकाकडून ठराविक मुदतीसाठी आणलेली असतात. मुदत संपली की पुस्तक परत जातं, मग तुम्ही शेवटच्या प्रकरणावर असा नाहीतर पहिल्या पानावर.

मुदत किती असते याची कल्पना यावी म्हणून गेम पासचं जुनं उदाहरण देतो. 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' जानेवारी 2020 मध्ये गेम पासमध्ये आला आणि 7 मे 2020 ला निघाला. त्याच दिवशी त्याच कंपनीचा 'रेड डेड रिडेम्प्शन 2' आत आला आणि सप्टेंबरात तोही गेला. म्हणजे प्रत्येकी चार महिने. पुढे जीटीए 5 एप्रिल 2021 मध्ये परत आला, ऑगस्टमध्ये गेला, जुलै 2023 मध्ये पुन्हा आला आणि जानेवारी 2024 मध्ये पुन्हा गेला. 2025 मध्ये परत दाखल झाला. 'गेला म्हणजे कायमचा गेला' असं नसतं, पण तो परत कधी येईल हे कुणी सांगत नाही. तुमची सुट्टी मे महिन्यात आणि गेम जुलैत, असं सहज होतं.

कंपन्या असं का करतात? मोठ्या प्रकाशकाचा गेम बाजारात अजून विकला जात असेल तर तो कायमचा वर्गणीत देणं त्यांना परवडत नाही. थोडे महिने द्यायचा, नवे खेळाडू ओढायचे आणि मग काढायचा. निघण्याच्या सुमाराला अर्धवट राहिलेले लोक तो विकत घेतात, हाही त्यांचा हिशोब असतो. गेम पास तर कॅटलॉगमधल्या काही गेमवर वर्गणीदारांना सूटही देतो.

'सेवा चालवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे गेम तरी कायम राहतील' हे साधारण खरं आहे, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही. सोनीचाच 'होरायझन झीरो डॉन' मे 2024 मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या कॅटलॉगमधून निघाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याची नवी, रंगरंगोटी केलेली आवृत्ती विक्रीला आली. मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन 4' ची गोष्ट वेगळी. त्यातल्या खऱ्या गाड्या आणि गाणी परवान्यावर घेतलेली असतात. ते परवाने संपत आल्यावर डिसेंबर 2024 मध्ये तो गेम पासमधूनच नव्हे, दुकानातूनही काढला गेला. ज्यांनी तो आधी विकत घेतला होता ते अजून खेळू शकतात. गाड्यांच्या शर्यतीचे गेम आवडत असतील तर हे लक्षात ठेवा. अशा गेमना आयुष्याची मर्यादा असतेच, आणि आवडता असेल तर तो विकतच घेतलेला बरा.

4. सुरू करण्याआधी जाण्याची तारीख बघा

गेम पासमधून गेम साधारणपणे महिन्यातून दोनदा निघतात, महिन्याच्या मध्याला आणि शेवटाला. सुमारे दोन आठवडे आधी ते `Leaving soon` या रांगेत दिसू लागतात. प्लेस्टेशनवर नवे कॅटलॉग गेम महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी येतात आणि जाणारेही त्याच सुमाराला जातात. त्यांची रांग `Last chance to play` या नावाने दिसते.

दोन सवयी लावून घ्या. नवा लांबलचक गेम सुरू करण्याआधी ही रांग एकदा नजरेखालून घाला. दुसरी सवय जास्त महत्त्वाची: तो गेम कॅटलॉगमध्ये कधी आला ते शोधा. येताना घोषणा होते, तिची तारीख सहज सापडते. येऊन वर्ष होत आलं असेल आणि तो बाहेरच्या प्रकाशकाचा असेल, तर पन्नास तासांचा गेम आज सुरू करणं म्हणजे जुगार. दहा तासांचा असेल तर बिनधास्त सुरू करा, कारण रांगेत दिसल्यावरही दोन शनिवार-रविवार मिळतात.

5. हिशोब: पन्नास तासांचा एक गेम की पाच-आठ तासांचे दोन

समजा तुम्ही नोकरी करता आणि शनिवार-रविवार मिळून सहा तास खेळता. म्हणजे महिन्याला साधारण 25 तास. वर्गणी धरू प्लेस्टेशन प्लस एक्स्ट्राची, 2022 मध्ये भारतात आली तेव्हाच्या दराने: महिन्याला 749 रुपये.

आधी 'रेड डेड रिडेम्प्शन 2' घ्या. नुसती मुख्य कथा संपवायला बहुतेकांना 50 तासांच्या आसपास लागतात. घोड्यावरून इकडे-तिकडे भटकलात, शिकार केलीत, की 80 सहज होतात, आणि त्या गेममध्ये न भटकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. 25 तासांच्या हिशोबाने 50 तास म्हणजे दोन महिने, 1498 रुपये. 80 तास म्हणजे चौथ्या महिन्यात पाय, 2996 रुपये. हाच गेम सेलमध्ये हजार-बाराशेपर्यंत उतरतो. एकट्या या गेमसाठी वर्गणी भरली तर तुम्ही विकत घेण्यापेक्षा जास्त पैसे द्याल, आणि शेवटी गेम तुमचा नसेल.

आता उलट बाजू. 19 जुलै 2022 ला 'स्ट्रे' हा मांजराचा गेम बाजारात आला, त्याच दिवशी तो एक्स्ट्राच्या कॅटलॉगमध्येही होता. कथा सुमारे पाच तासांची. त्याच कॅटलॉगमध्ये तेव्हा 'स्पायडर-मॅन: माइल्स मोरालेस' होता, सात-आठ तासांचा. दोन्ही मिळून तेरा तास झाले, म्हणजे तुमचा अर्धा महिना. उरलेल्या बारा तासांत आणखी दोन-तीन गेम चाखून बघता आले असते. एकट्या माइल्स मोरालेसची पीएस5 वरची मूळ किंमत चार हजारांच्या घरात होती. इथे 749 रुपये देऊन बाहेर पडणारा माणूस स्पष्ट फायद्यात आहे.

सूत्र लिहायचं तर असं:

```
वर्गणीचा खर्च = (गेमचे तास ÷ तुमचे महिन्याचे तास, वरचा पूर्णांक) × महिन्याची वर्गणी
तुलना कशाशी   = गेमची सेलमधली किंमत
```

तुलना नेहमी सेलमधल्या किमतीशी करा. छापील किमतीशी केली तर वर्गणी कायम स्वस्तच दिसेल. जाहिरातीतही नेमकी तीच तुलना असते. अपवाद एकच: गेम पहिल्या दिवशीच खेळायचा असेल तर तेव्हा सेल नसतोच, म्हणून पूर्ण किंमत धरा. तो पहिल्या दिवसापासून तुमच्या स्तरात येणार असेल आणि महिन्या-दोन महिन्यांत संपणार असेल, तर वर्गणीच घ्या. पण स्तर नीट वाचा. ऑक्टोबर 2025 मध्ये गेम पासची नवी मांडणी झाली तेव्हा मधल्या प्रीमियम स्तरात मायक्रोसॉफ्टचे नवे गेम पहिल्या दिवशी नसून साधारण वर्षभरात येतील असं ठरलं. कन्सोलवर पहिल्या दिवसाची सोय वरच्या अल्टिमेट स्तराला राहिली आणि अल्टिमेटची भारतातली किंमत महिन्याला 829 वरून 1389 झाली. सहा तासवाल्या माणसाचा तिथला ताशी खर्च 33 रुपयांवरून 56 वर गेला. जुन्या किमतीवर केलेला हिशोब म्हणूनच दरवाढीनंतर पुन्हा मांडायचा.

डिस्क घालता येणारा कन्सोल असेल तर तिसराही मार्ग आहे. जुनी डिस्क समजा अठराशेला घेतली आणि गेम संपल्यावर चौदाशेला विकली, तर गेम चारशेत पडला, आणि तो चार महिने पुरवून खेळला तरी भाव फारसा उतरत नाही. पुण्या-मुंबईत जुन्या डिस्कची देवाणघेवाण करणारी दुकानं आणि ग्रुप भरपूर आहेत. बिनडिस्कच्या कन्सोलला हा मार्ग बंद, हे कन्सोल घेतानाच विचारात घ्या.

तर वर्गणी कुणाला परवडते? छोटे गेम संपवणाऱ्यांना, दहा गेम चाखून एक निवडणाऱ्यांना, सुट्टीत घरी असलेल्या मुलांना, आणि ज्याला अजून आपली आवडच माहीत नाही अशा नवशिक्याला. वर्षभर क्रिकेट, फुटबॉल किंवा एकच लढाईचा गेम खेळणाऱ्याला कॅटलॉगचा काही उपयोग नाही. त्याने गेम विकत घ्यावा आणि कन्सोलवर ऑनलाइन खेळायचं असेल तर फक्त खालचा स्तर भरावा.

6. वर्षाची वर्गणी घाईने भरू नका

वर्षाची वर्गणी भरताना 'किती टक्के बचत' असं मोठ्या अक्षरांत दिसतं. तुम्ही विचारायचं ते हे की एरवी मी किती महिने भरले असते. 2022 मध्ये एक्स्ट्राची वर्षाची वर्गणी 4999 होती. 749 ने भागलं तर सहाच्या पुढे आणि सातच्या आत येतं, म्हणजे वर्षात सात महिने खेळणाऱ्याला ती फायद्याची होती. सप्टेंबर 2023 मध्ये सोनीने वर्षाचे दर वाढवून एक्स्ट्राचा 6699 केला आणि महिन्याचा दर तसाच ठेवला. त्या दराने भागाकार नऊच्या जवळ आला. सात-आठ महिने खेळणाऱ्यांसाठी एका रात्रीत वार्षिक योजना तोट्याची झाली आणि ते बऱ्याच जणांच्या लक्षातही आलं नाही.

परीक्षा, लग्नसराई, गणपती, ऑफिसची वर्षअखेर हे सगळं धरून वर्षात नऊ महिने नियमित खेळणारे मला कमीच भेटले आहेत.

आणखी एक खाच आहे. वर्षभराचं इसेन्शियल भरलेलं असताना 'एक महिना एक्स्ट्रा घेऊन बघू' असं प्लेस्टेशनवर करता येत नाही. स्तर वाढवायचा तर उरलेल्या सगळ्या मुदतीचा फरक एकदम भरावा लागतो. दहा महिने उरले असतील तर दहा महिन्यांचा. त्यामुळे वरचा स्तर चाखायचा असेल तर आधी एक महिना तोच घ्या आणि वार्षिक काय भरायचं ते नंतर ठरवा.

7. पैसे भरले की लगेच नूतनीकरण बंद करा

बंद केल्यावर भरलेला महिना जात नाही, मुदत संपेपर्यंत सगळं चालू राहतं. पीएस5 वर वाट अशी:

```
Settings > Users and Accounts > Account >
Payment and Subscriptions > Subscriptions > PlayStation Plus > Turn Off Auto-Renew
```

गेम पाससाठी `account.microsoft.com/services` वर जाऊन `Manage` दाबा आणि तिथून आवर्ती आकारणी थांबवा. मध्ये दोन-तीन पानं "खात्री आहे का?" असं विचारतात, तिथे हिरव्या किंवा ठळक बटणाकडे बघू नका, मजकूर वाचा. शेवटी मुदत संपण्याची तारीख दिसली पाहिजे. पुढच्या आकारणीची तारीख दिसत असेल तर काम झालेलं नाही.

भारतीय कार्डांना रिझर्व्ह बँकेचे 2021 पासूनचे आवर्ती व्यवहाराचे नियम लागू आहेत. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी बँकेचा संदेश यायला हवा. 15,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळे गेमची वर्गणी गुपचूप कापली जाऊ शकते. तो संदेश म्हणजे थांबवण्याची शेवटची संधी. उलट काही कार्डांवर आवर्ती मंजुरी नोंदतच नाही आणि वर्गणी मध्येच तुटते. असं होत असेल तर गिफ्ट कार्डने शिल्लक भरून महिन्याचं तेवढं घेणं सगळ्यात सुटसुटीत.

8. अर्धा खेळलेला गेम जायला निघाला तर

घाबरून लगेच विकत घेऊ नका. आधी किती उरलाय ते बघा. कथा पाच-सहा तासांची उरली असेल तर दोन आठवड्यांत होते. तीस तास उरले असतील तर दोन गोष्टी तपासा.

पहिली, तुमचा सेव्ह. गेम निघाला तरी सेव्ह आणि ट्रॉफी पुसल्या जात नाहीत. प्लेस्टेशनवर तोच गेम, तीच आवृत्ती विकत घेतलीत तर जिथे थांबलात तिथून पुढे जाता येतं. पीएस4 आणि पीएस5 च्या आवृत्त्यांचे सेव्ह मात्र आपोआप एकमेकांत जातीलच असं नाही, म्हणून विकत घेताना आवृत्ती जुळवा. पीसीवर गेम पासचा गेम स्टीमवर स्वस्त मिळाला म्हणून घेतलात तर बहुतेक गेमचा सेव्ह तिकडे जात नाही, कारण दोन्हीकडे तो वेगळ्या पद्धतीने साठवला जातो. वीस तास पुन्हा खेळायची तयारी असेल तरच स्टीमवर घ्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्याच दुकानातून सूट घेऊन घ्या.

दुसरी गोष्ट, विस्तारभाग म्हणजे डीएलसी. वर्गणीतल्या गेमसाठी वेगळे पैसे देऊन डीएलसी घेतला तर तो तुमच्या मालकीचा राहतो, पण मूळ गेम गेल्यावर तो चालवणार कशावर? माझ्या एका भाच्याने वाढदिवसाचे पैसे अशाच एका डीएलसीवर घातले आणि पुढच्याच महिन्यात मूळ गेम निघाला. आता डीएलसी खात्यात दिसतो आणि तो चालवायला मूळ गेम पूर्ण किमतीला घ्या म्हणतात. म्हणून बाहेरच्या प्रकाशकाच्या गेमचा डीएलसी घ्यावासा वाटलाच, तर आधी मूळ गेमसह सगळं एकत्र असलेल्या आवृत्तीची सेलमधली किंमत बघा. बऱ्याचदा ती नुसत्या डीएलसीच्या आसपासच असते.